बाळाचे सहा आठवडे नेमके कधी पूर्ण होतात? पहिल्या लसींसाठी वयाचा हिशोब

ठाकुर्लीत आमच्या ओळखीतल्या एका घरची गोष्ट. मुलगी झाली ९ जानेवारी २०२५, गुरुवार, सकाळी अकराच्या सुमाराला. १७ फेब्रुवारीला सोमवारी चिल्ला पूर्ण झाला, आईने चाळीसाव्याची अंघोळ केली आणि दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, नानी आणि आई बाळाला घेऊन लसीकरणाला गेल्या. त्यांच्या भागात लसीकरण मंगळवारीच असायचं. सिस्टरने कार्ड पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "अजून दोन दिवस कमी आहेत, पुढच्या मंगळवारी या." नानींना राग आला. "चालीस दिन हो गए, छठा हफ्ता चल रहा है, और क्या चाहिए?" दोन दिवसांसाठी ओल्या बाळंतिणीला परत पाठवतात म्हणून त्या दिवसभर बोलत होत्या.

नानींच्या बोलण्यात चूक एकही नव्हती. चाळीस दिवस झाले होते आणि सहावा आठवडाही खरोखर चालू होता. पण लसीच्या वेळापत्रकाला सहावा आठवडा चालू असून भागत नाही, सहा आठवडे पूर्ण लागतात. आम्ही शिक्षक मंडळी हा फरक रोज पाहतो. एक मुलगा 'सहावीत आहे' आणि दुसरा 'सहावी पास आहे', दोघांच्या तोंडी सहावीच असते, पण सातवीत दुसऱ्यालाच बसता येतं. पहिलीच्या प्रवेशालाही सहा वर्षं 'पूर्ण' मागतात, 'सहावं लागलं' चालत नाही.

आता मोजायचं कसं ते पाहू. जन्माचा दिवस हा शून्य दिवस. दुसऱ्या दिवशी बाळ एक दिवसाचं होतं. सात दिवस झाले की एक आठवडा पूर्ण, आणि तो दिवस नेहमी जन्माचाच वार असतो. गुरुवारी जन्मलेलं बाळ पुढच्या गुरुवारी एक आठवड्याचं, त्याच्या पुढच्या गुरुवारी दोन आठवड्यांचं. म्हणजे बेचाळीस दिवस मोजत बसायचं कामच नाही. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, जन्मतारखेवर बोट ठेवा आणि त्याच वाराच्या ओळीत सहा घरं पुढे जा. जन्माचं घर मोजायचं नाही. वरच्या मुलीसाठी मोजून पाहा: १६ जानेवारी, २३, ३०, मग ६ फेब्रुवारी, १३ आणि २०. गुरुवार २० फेब्रुवारीला तिचे सहा आठवडे पूर्ण झाले. मंगळवारी १८ तारखेला ती पाच आठवडे आणि पाच दिवसांची, म्हणजे चाळीस दिवसांची होती.

वार जुळतो का हीच सगळ्यात सोपी पडताळणी. कोणी सहा आठवड्यांची तारीख काढून दिली आणि ती जन्माच्या वारी येत नसेल, तर मोजण्यात चूक झाली आहे असं बिनधास्त समजावं.

आपल्या घरांत ही चूक का होते याचं कारण मला वाटतं आपल्या मोजण्याच्या सवयीत आहे. आपल्याकडे बाळाच्या जन्मानंतर दोन हिशोब लगेच सुरू होतात, अकीक्याचा आणि चिल्ल्याचा, आणि दोन्हींमध्ये जन्माचा दिवस धरला जातो. अकीका सातव्या दिवशी. घरातले बुजुर्ग साधा नियम सांगतात की ज्या वारी बाळ झालं त्याच्या आदल्या वारी अकीका. गुरुवारचं बाळ असेल तर बुधवारी. तो हिशोब त्याच्या जागी बरोबर आहे, कारण तिथे गुरुवार हा पहिला दिवस आहे. पण त्या बुधवारी बाळाचं पूर्ण झालेलं वय सहा दिवस असतं, सात नाही. हीच पद्धत पुढे नेऊन कोणी बेचाळीसावा दिवस काढला तर तो १९ फेब्रुवारीला, बुधवारी येतो. एक दिवस कमी पडतो.

चिल्ल्याचं तर आणखी पुढचं. जन्माचा दिवस धरून चाळीसावा दिवस म्हणजे बाळाचे पूर्ण झालेले एकोणचाळीस दिवस. सहा आठवड्यांना अजून तीन दिवस बाकी असतात. पण चिल्ला झाल्यावर आईचं पहिलं बाहेर पडणं हे बऱ्याचदा लसीकरणासाठीच होतं, त्यामुळे 'चिल्ला झाला की लस' हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं आहे. मराठी शेजारणी 'सव्वा महिना' म्हणतात, त्यातही हेच होतं. सव्वा महिना बाळंतिणीच्या विश्रांतीचा. बाळाच्या लसीचा त्याच्याशी संबंध नाही.

उलट बाजूने 'दीड महिना' हा शब्दही घोळ घालतो. लसीकरणाबद्दल बोलताना दीड, अडीच आणि साडेतीन महिने असं सर्रास म्हटलं जातं, मी स्वतःही म्हणते. पण ९ जानेवारीपासून तारखेने दीड महिना धरला तर २४ फेब्रुवारी येते, खऱ्या तारखेच्या चार दिवस पुढे. चार दिवसांच्या उशिराने मोठं नुकसान नाही. अडचण इतकीच की लसीकरणाचा दिवस त्या चार दिवसांत येऊन गेला तर थेट आणखी एक आठवडा जातो.

जन्म रात्रीचा असेल तर अजून एक गोष्ट सांभाळावी लागते. आपला दिवस मगरिबला बदलतो. गुरुवारी रात्री नऊ वाजता झालेल्या बाळाला दादी 'जुमे की पैदाइश' म्हणणार आणि दीनी हिशोबाने ते बरोबरच आहे. हॉस्पिटलच्या कागदावर मात्र तारीख रात्री बाराला बदलते, म्हणून तिथे गुरुवार लिहिला जातो. उलट, रात्री एक वाजता झालेल्या बाळाबद्दल सगळे बोलताना 'गुरुवारी रात्री झालं' म्हणतात, पण कागदावर शुक्रवारची तारीख असते. लसीसाठी जन्माच्या दाखल्यावरची आणि माता व बाल संरक्षण कार्डावरची तारीखच धरायची. घरी परतल्यावर एकदा या दोन्ही तारखा जुळतात का ते बघून घ्या. मी अशीही एक आई पाहिली आहे जी बीसीजीच्या तारखेपासून आठवडे मोजत होती, कारण कार्डावर सगळ्यात ठळक तीच दिसत होती. सिझेरियननंतर घरी सोडल्याच्या दिवसापासून मोजणाऱ्याही असतात.

जन्माच्या वेळच्या लसींना हा आठवड्यांचा हिशोब लागू नाही. हिपॅटायटिस बीचा पहिला डोस चोवीस तासांच्या आत द्यायचा असतो, कारण आईकडून बाळाला लागण होण्याचा मोठा धोका बाळंतपणाच्या वेळीच असतो. पोलिओचा शून्य डोस पंधरा दिवसांच्या आत. बीसीजी जन्मानंतर लवकरात लवकर, पण राहून गेलीच तर पहिला वाढदिवस होईपर्यंत देता येते, त्यामुळे सहा आठवड्यांच्या लसींसोबतही ती मिळते. पोलिओचा शून्य डोस पंधरा दिवसांत चुकला तर तो नंतर देत नाहीत, सहा आठवड्यांना पहिल्या डोसपासून सुरुवात होते. हिपॅटायटिसचा जन्माचा डोस चुकला तरी पुढच्या पेंटाव्हॅलंटमध्ये ती लस असतेच.

सहा आठवड्यांना सरकारी वेळापत्रकात तोंडाने पोलिओ आणि रोटाव्हायरसचे थेंब, दोन्ही मांड्यांत पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकलची एकेक सुई आणि उजव्या दंडावर पोलिओची छोटी सुई असते. दहा आठवड्यांना यातल्या काहीच असतात, चौदाला पुन्हा जवळजवळ सगळ्या. नावं पाठ करायची गरज नाही, कार्डावर छापलेली आहेत. लक्षात ठेवायचे आकडे तीन: सहा, दहा, चौदा. आणि दोन भेटींमध्ये चार आठवडे.

दोन-चार दिवस आधी दिली तर काय बिघडतं, हा नानींचा प्रश्न मला रास्त वाटतो. पोटात असताना आईच्या रक्तातून बाळाला तयार प्रतिपिंडं मिळालेली असतात. ती बाळाचं रक्षण करतात, पण त्याच वेळी काही लसींचं काम अडवतातही. शिवाय बाळाचं स्वतःचं प्रतिकारतंत्र अगदी कोवळं असतं. डोस जितका लवकर, तितका शरीराचा प्रतिसाद कमजोर. म्हणून सहा आठवडे ही कमीत कमी वयाची रेघ ठरवलेली आहे. एका दिवसाने बाळात काही चमत्कार घडतो असं नाही, पण रेघ कुठेतरी मारावीच लागते आणि सिस्टरला ती मोडायचा अधिकार नसतो. त्या वयाआधी दिलेला डोस वैध धरला जात नाही, म्हणजे बाळाला सुई टोचूनही हिशोबात तो डोस नाही.

लवकर दिलेला डोस मोजला जात नाही याचं एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं आहे, जरी ते गोवराच्या लसीचं असलं तरी. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी आणि मालेगाव भागात गोवराची साथ आली होती. गोवर-रुबेलाची लस एरवी नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. पण नऊ महिन्यांच्या आतली बाळंही आजारी पडू लागली, तेव्हा जिथे अशी लागण जास्त होती तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस देण्याची सूचना केंद्राने केली. त्या डोसला नावच 'शून्य डोस' दिलं होतं. साथीत थोडं तरी संरक्षण मिळावं म्हणून तो होता, आणि तो घेतलेल्या बाळालाही नऊ महिन्यांचा आणि नंतरचा असे दोन्ही नेहमीचे डोस घ्यायचेच होते.

मग आरामात दोन महिने झाल्यावर का देऊ नये? सौदी किंवा दुबईला राहणारे नातेवाईक फोनवर हेच विचारतात, कारण तिकडे वेळापत्रक दोन, चार आणि सहा महिन्यांचं आहे. आपल्याकडे सहा आठवडे ठेवण्याचं कारण डांग्या खोकला. तो सगळ्यात घातक ठरतो तो पहिल्या काही महिन्यांच्या बाळांना, आणि त्याची लस पेंटाव्हॅलंटमध्ये आहे. म्हणून रेघ ओलांडल्याबरोबर पहिला डोस आणि मग भराभर पुढचे दोन. दोन देशांची वेळापत्रकं मिसळू नका. बाळ इथे आहे तोपर्यंत इथलं कार्ड.

आता त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते, कारण खरी गंमत दुसऱ्या डोसच्या वेळी होते.

पुढच्या मंगळवारी, २५ फेब्रुवारीला, तिला पहिल्या लसी मिळाल्या. वय सत्तेचाळीस दिवस, म्हणजे सहा आठवडे पाच दिवस. घरी तिच्या मामाने मोबाइलमध्ये आधीच तारखा टाकून ठेवल्या होत्या: सहा आठवडे २० फेब्रुवारी, दहा आठवडे २० मार्च, चौदा आठवडे १७ एप्रिल. तिन्ही गुरुवार, हिशोब चोख. त्याचं म्हणणं, २० मार्चला दुसरा डोस एखाद्या खासगी दवाखान्यात घेऊ, तिथे रोज मिळतो, दहा आठवडे तर पूर्ण होतात.

दहा आठवडे पूर्ण होत होते हे खरं, पण पहिला डोस २० ला नाही, २५ ला झाला होता. २५ फेब्रुवारी ते २० मार्च हे तेवीस दिवस होतात. दोन डोसमध्ये अठ्ठावीस दिवसांचं अंतर लागतं, कारण पहिल्या डोसने शरीराला जी ओळख करून दिलेली असते ती पक्की व्हायला तेवढा वेळ जातो. त्याआधी दुसरा दिला तर त्याचा परिणाम कमी होतो आणि तोही वैध धरत नाहीत. म्हणजे दुसऱ्या डोसपासून दोन अटी आहेत: वयाचे आठवडे पूर्ण हवेत आणि मागच्या डोसला चार आठवडे पूर्ण हवेत. दोन्ही तारखा काढायच्या आणि जी नंतर येते ती घ्यायची. पहिला डोस वेळेआधी झालेला नसेल तर व्यवहारात एकच गोष्ट पुरते: कार्डावर डोस दिल्याची जी तारीख हाताने लिहिली आहे, तिथून त्याच वारी चार घरं पुढे जा. पहिला डोस मंगळवारी तर दुसरा चार मंगळवारांनंतर, तिसरा त्यानंतर चार मंगळवारांनी.

या मुलीसाठी त्या तारखा आल्या २५ मार्च आणि २२ एप्रिल. २५ मार्चला चोविसावा रोजा होता. घरात ईदची तयारी आणि बाळाला ताप आला तर रात्रभर जागायचं कोणी, म्हणून ठरलं 'ईद के बाद'. ईद सोमवारी ३१ मार्चला झाली. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, पण बासी ईदला पाहुणे सोडून कोण जाणार? शेवटी दुसरा डोस झाला ८ एप्रिलला, पहिल्यानंतर सहा आठवड्यांनी. मग तिसरा २२ एप्रिलला घेता येत नव्हता, तो गेला ६ मेवर. जी चौदा आठवड्यांना, १७ एप्रिलला, व्हायची ती मालिका सोळा आठवडे पाच दिवसांवर पूर्ण झाली. एकोणीस दिवसांचा उशीर, त्यातले पाच लसीकरणाच्या वारामुळे आणि चौदा ईदमुळे. हे मी दोष द्यायला सांगत नाही, त्या दिवसांत मीही कदाचित असंच केलं असतं. पण रमजानच्या आसपास तारीख येणार हे फेब्रुवारीत कॅलेंडरवर दिसत होतंच. चार आठवडे आधी पाहिलं तर घरातलं कोण बाळाला नेणार हे ठरवता येतं.

उशीर झाला म्हणून त्या घराला एक भीती होती की सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. तसं नसतं. अंतर अठ्ठावीस दिवसांपेक्षा कितीही वाढलं तरी घेतलेले डोस मोजले जातात, मालिका जिथे थांबली तिथून पुढे चालू होते. फक्त राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून पुढचे डोस जवळ ओढता येत नाहीत.

मध्येच रविवारी पल्स पोलिओ येऊन गेला तर त्याने या मोजणीत काही बदल होत नाही. ते थेंब जादा आहेत, ते घेतले तरी कार्डावरचे पोलिओचे डोस घ्यायचेच.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांबद्दल बऱ्याच आया विचारतात. समजा बाळ आठ आठवडे आधी झालं. डॉक्टर त्याची वाढ पाहताना मूळ अपेक्षित तारखेपासून वय मोजतात, बसणं, मान धरणं वगैरे त्या हिशोबाने बघतात. लसीला ते वय धरत नाहीत. प्रत्यक्ष जन्मापासून सहा आठवडे झाले की लसीची वेळ झाली, मग मूळ तारीख अजून आलेली नसली तरी. अशा नाजूक बाळाला डांग्या खोकल्याचा धोका जास्तच असतो. बाळ अजून दवाखान्यात असेल किंवा वजन फार कमी असेल तर तिथले डॉक्टर ठरवतील, घरच्यांनी 'बच्चा छोटा है' म्हणून पुढे ढकलू नये.

कधी चुकून डोस लवकर दिला गेला असं कार्ड पाहून लक्षात आलं, तर कार्डावर खाडाखोड करू नका आणि तारीख बदलून घेऊ नका. दिलेली तारीख तशीच ठेवून पुढच्या भेटीला सिस्टर किंवा डॉक्टरांना दाखवा. तो डोस पुन्हा द्यायचा का आणि कधी, ते त्या तारखेवरूनच ठरवता येतं. खोटी तारीख असेल तर कोणालाच सांगता येणार नाही. आता सरकारी यू-विन प्रणालीत बाळाची नोंद होते आणि मोबाइलवर पुढच्या डोसचा संदेशही येतो, पण तो संदेश नोंदवलेल्या तारखांवरच अवलंबून असतो. जन्मतारीख किंवा मोबाइल नंबर चुकीचा टाकला गेला असेल तर संदेशही चुकीचा येणार, किंवा भलत्याच घरी जाणार. नोंद होत असताना दोन्ही एकदा मोठ्याने वाचून घ्यायला सांगा.

चौदा आठवड्यांनंतर मोजण्याची पद्धत बदलते, आणि इथे पुन्हा लोक फसतात. गोवर-रुबेला नऊ 'महिने' पूर्ण झाल्यावर आहे. चार आठवड्यांचा एक महिना धरून नऊ महिन्यांचे छत्तीस आठवडे केले तर या मुलीची तारीख १८ सप्टेंबर येते, तीन आठवडे आधीची. चांद्र महिने मोजले तरी साधारण एक आठवडा कमी पडतो, कारण तो महिना एकोणतीस किंवा तीस दिवसांचा. इथे आठवडे आणि वार विसरून इंग्रजी तारीखच धरायची. ९ जानेवारीची मुलगी ९ ऑक्टोबरला नऊ महिन्यांची होते. मंगळवारीच लसीकरण असेल तर ७ ऑक्टोबरचा मंगळवार दोन दिवस आधीचा आहे, तिला १४ ला न्यायचं.